विश्लेषण : तीनशे पानांचा निवाडा चॅटबॉटने खरेच पूर्ण वाचला का?

देऊळगाव राजा तालुक्याला भूसंपादनाचे कागद नवे नाहीत. खडकपूर्णा प्रकल्पाच्या जलाशयासाठी इथल्या जमिनी गेल्या. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या याच पट्ट्यातून गेला. जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी तर कित्येक दशकांची आहे. जमीन गेली की घरात कागद येतो आणि तो जाडजूड असतो. आता अशा कागदाची पीडीएफ मोबाइलवरूनच चॅटबॉटला दिली जाते आणि विचारले जाते, ‘मोबदला कमी वाटतो, दाद कधीपर्यंत मागता येईल?’ काही सेकंदांत सफाईदार मराठीत उत्तर येते. पण ते उत्तर सगळा कागद वाचून आले, की त्यातली मोजकी पाने पाहून? हे ज्या मर्यादेवर ठरते, तिला ‘कॉन्टेक्स्ट विंडो’ म्हणतात.

कॉन्टेक्स्ट विंडो म्हणजे काय?

चॅटबॉटच्या मागे काम करणारे भाषा मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवून उत्तर तयार करू शकते, ती त्याची कॉन्टेक्स्ट विंडो. कल्पनेसाठी एक टेबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर मावतील तेवढेच कागद मॉडेलला दिसतात. खाली पडलेला किंवा फाइलीतच राहिलेला कागद त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो.

या टेबलावर फक्त तुमची पीडीएफ नसते. कंपनीने मॉडेलला आधीच देऊन ठेवलेल्या सूचना, तुमचा प्रश्न, त्याच संभाषणातले आधीचे प्रश्नोत्तर आणि आता लिहिले जाणारे उत्तर, हे सगळे त्याच जागेत बसवावे लागते. मॉडेलला माणसासारखी ‘मघाशी वाचले होते’ अशी आठवण नसते. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी आधीचा मजकूर पुन्हा टेबलावर मांडला जातो. म्हणूनच सकाळपासून चाललेल्या लांब संभाषणात संध्याकाळी चॅटबॉट पहिल्या पानावरचा गट क्रमांक विसरल्यासारखा वागू शकतो. तो मजकूर तोवर टेबलावरून बाजूला गेलेला असतो.

ही जागा पानांत किंवा शब्दांत मोजत नाहीत, ‘टोकन’मध्ये मोजतात. टोकन म्हणजे मॉडेलने मजकुराचा केलेला छोटा तुकडा. कधी तो पूर्ण शब्द असतो, कधी अर्धा, कधी एखाद्या अक्षराचाही भाग. २०२० मध्ये आलेल्या जीपीटी-३ची विंडो २,०४८ टोकनांची होती. जीपीटी-४ मार्च २०२३ मध्ये ८,१९२ आणि ३२,७६८ अशा दोन आकारांत आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जीपीटी-४ टर्बोने १ लाख २८ हजारांचा, तर क्लॉड २.१ने २ लाखांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने जेमिनी १.५ प्रोसाठी १० लाख टोकनांची विंडो जाहीर केली. आकडे झपाट्याने वाढले, तरी ते मराठी कागदाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मराठी मजकूर जास्त जागा का खातो?

संगणकात अक्षरे बाइटमध्ये साठवली जातात. रूढ यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर १ बाइट घेते, तर देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट. ‘शेत’ या शब्दात श, एकाराची मात्रा आणि त अशी तीन चिन्हे आहेत, म्हणजे ९ बाइट. इंग्रजीतल्या चार अक्षरी ‘फार्म’ला ४ बाइट पुरतात. मॉडेलचे तुकडे पाडण्याचे कोष्टक नेहमी एकत्र येणाऱ्या बाइटांची जोडणी करून बनवलेले असते. ते बनवताना इंग्रजी मजकूर भरपूर आणि मराठी थोडा असेल, तर इंग्रजी शब्द अखंड राहतात आणि मराठी शब्दांचे बारीक तुकडे होतात.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना स्वतःच दाखवले. ओळख करून देणारा एकच छोटा मजकूर वेगवेगळ्या भाषांत लिहून त्याची टोकने मोजली. इंग्रजीत जुन्या कोष्टकाने २७ आणि नव्याने २४ टोकने झाली. मराठीत जुन्याने तब्बल ९६, तर नव्याने ३३. तो मराठी मजकूर सोळा-एक शब्दांचा होता. म्हणजे जुन्या कोष्टकात एका मराठी शब्दाला साधारण ६ आणि नव्यात साधारण २ टोकने लागली. इतर कंपन्यांची कोष्टके वेगळी असल्याने त्यांचे प्रमाणही वेगळे असते.

मग तीनशे पानांचा कागद मावतो का?

एक हिशेब करून पाहू. समजा निवाडा आणि त्याला जोडलेले तक्ते मिळून ३०० पाने आहेत आणि पानावर सरासरी २५० शब्द. एकूण शब्द ७५ हजार. शब्दामागे ६ टोकने लागली तर साडेचार लाख टोकने होतात. शब्दामागे २ लागली तरी दीड लाख. १ लाख २८ हजारांच्या विंडोत यातला कोणताही आकडा बसत नाही. २ लाखांच्या विंडोत दुसरा आकडा बसतो, पहिला नाही. सरकारी मराठीतले ‘पुनर्वसाहतीकरणाकरिता’सारखे लांब, प्रत्यय लागलेले शब्द दोनपेक्षा जास्त तुकडे पाडतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा या किमान अंदाजाच्या वरच जातो.

निवाडा स्कॅन केलेला असेल तर आणखी एक अडचण येते. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. आधी त्यातली अक्षरे ओळखावी लागतात. शिक्क्याखाली गेलेली ओळ किंवा पुसट झालेला ‘३’ चुकीचा वाचला गेला, तर विंडो कितीही मोठी असली तरी मॉडेलपुढे चुकीचाच मजकूर येतो.

कागद मावला नाही तर चॅटबॉट काय करतो?

तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली, सेवा सरळ सांगते की फाइल फार मोठी आहे. ही सर्वांत प्रामाणिक वागणूक. दुसरी, मजकूर कापला जातो. सुरुवातीची पाने घेतली जातात आणि शेवटची गळतात, किंवा लांब संभाषणात सर्वांत जुना भाग गळतो. हे झाल्याची ठळक सूचना पडद्यावर दिसेलच असे नाही.

तिसरी पद्धत सर्वाधिक वापरातली आणि सर्वांत फसवी आहे. सगळा कागद टेबलावर न ठेवता त्याचे छोटे तुकडे करून ते बाजूला साठवले जातात. तुम्ही प्रश्न विचारला की त्या प्रश्नाशी अर्थाने जवळ वाटणारे काही तुकडे निवडून तेवढेच मॉडेलपुढे ठेवले जातात. ओपनएआयने विकसकांना दिलेल्या फाइल-शोध सुविधेची मूळ रचना याचे उदाहरण म्हणून घेता येईल. त्यात प्रत्येक तुकडा ८०० टोकनांचा, शेजारच्या तुकड्यांत ४०० टोकनांचा मजकूर सामाईक आणि एका प्रश्नासाठी जास्तीत जास्त २० तुकडे. म्हणजे फार तर १६ हजार टोकने. दीड लाखांच्या निवाड्यातला हा जेमतेम दहावा हिस्सा झाला. बाकीचा कागद त्या प्रश्नापुरता मॉडेलने पाहिलेलाच नसतो.

‘मोबदल्याचा दर किती?’ असा एका जागी उत्तर असलेला प्रश्न असेल, तर ही पद्धत चांगली चालते. कायद्याचा कागद मात्र एका जागी उत्तर देत नाही.

याने प्रत्यक्ष नुकसान कसे होते?

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ११४ कलमे आणि ४ अनुसूची आहेत. निवाडा मान्य नसलेल्याला दाद मागण्याचा हक्क आठव्या प्रकरणातल्या कलम ६४ ने दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी करता येते. निवाडा दिला गेला तेव्हा संबंधित व्यक्ती स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर असेल, तर मुदत निवाड्याच्या तारखेपासून ६ आठवडे. हजर नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. पुढे परंतुक आहे की उशिराला पुरेसे कारण असेल तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षाच्या आत आलेला अर्ज घेऊ शकतात.

‘दाद कधीपर्यंत मागता येईल?’ या प्रश्नाशी कलम ६४ चे शब्द जुळतात. त्यामुळे तुकडे निवडणारी यंत्रणा ते बरोबर उचलते. चॅटबॉट मुदती नीट सांगतो. उत्तर चुकीचे नसते, पण अपुरे असते.

कारण तेरा कलमे पुढे, दहाव्या प्रकरणात, कलम ७७ आहे. त्याचा विषय मोबदल्याची रक्कम देणे हा आहे. रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याची तरतूद तिथेच आहे. त्याच कलमात दोन परंतुके आहेत. पहिले सांगते की रक्कम अपुरी असल्याची हरकत नोंदवून, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात तसे ‘अंडर प्रोटेस्ट’, ती स्वीकारता येते. दुसरे सांगते की अशी हरकत न नोंदवता ज्याने रक्कम स्वीकारली, त्याला कलम ६४ खाली अर्ज करण्याचा हक्क राहत नाही.

म्हणजे मुदतीचा प्रश्न विचारणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवी अशी अट ‘मुदत’, ‘दाद’ किंवा ‘अर्ज’ या विषयाखाली नाही, ‘रक्कम देणे’ या विषयाखाली आहे. तुकडे निवडताना ती मागे पडण्याची शक्यता मोठी. कागद मागून कापला गेला, तर पुढचे कलम ६४ टेबलावर राहते आणि ७७ गळते. मधल्याच जागी कात्री लागली, तर ७७ मधले पहिले परंतुक राहून दुसरे जाऊ शकते. तिन्ही वेळा उत्तर सारखेच ठाम असते, ‘तुमच्याकडे ६ आठवडे आहेत.’ शेतकरी निर्धास्त राहतो, खात्यात रक्कम येते, ती वापरली जाते आणि लेखी हरकत कुठेच नसते.

याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. संपादन नेमके कोणत्या कायद्याखाली होते आहे? राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ आणि रेल्वे अधिनियम १९८९ यांच्यासह १३ कायदे २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्याविषयीची तरतूद कलम १०५ मध्ये, म्हणजे कायद्याच्या शेवटाकडे आहे. राष्ट्रीय महामार्गासाठीच्या संपादनात मोबदल्याचा वाद त्या कायद्यातील तरतुदीनुसार लवादाकडे जातो. तिथे कलम ६४ ची वाट लागूच होत नाही. कागदाचा शेवट गळला असेल, तर हा फाटाही मॉडेलला दिसत नाही.

विंडो मोठी असली की प्रश्न मिटतो का?

बऱ्याच अंशी सोपा होतो, मिटत नाही. २०२३ मध्ये नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मॉडेलना अनेक उतारे एकत्र दिले आणि उत्तर असलेला उतारा कधी सुरुवातीला, कधी मध्ये, कधी शेवटी ठेवला. सगळे उतारे विंडोत मावत होते. तरीही उत्तर सुरुवातीला किंवा शेवटी असताना मॉडेल चांगले चालले आणि मध्ये असताना घसरले. जीपीटी-३.५ टर्बोच्या बाबतीत तर सर्वांत वाईट स्थितीतला निकाल एकही उतारा न देता विचारलेल्या प्रश्नांच्या निकालापेक्षाही खाली गेला.

नंतरची मॉडेल लांब मजकुरातली एखादी ओळ शोधण्यात पुष्कळ सुधारली आहेत. अनेक जागचे मुद्दे जोडणे मात्र याहून अवघड काम आहे. ग्रामीण भागातल्या जमिनीचा मोबदला काढायचा तर बाजारमूल्य कलम २६ मधून, त्याला लावायचा १ ते २ मधला गुणक पहिल्या अनुसूचीतून, झाडे-विहीर यांसारख्या जमिनीला जोडलेल्या मालमत्तेची किंमत कलम २९ मधून आणि १०० टक्के दिलासा रक्कम व बाजारमूल्यावरील वार्षिक १२ टक्के ही भर कलम ३० मधून घ्यावी लागते. यातला एक दुवा निसटला तरी बेरीज पूर्णच वाटते, फक्त ती चुकलेली असते.

विंडो हवी तेवढी का वाढवत नाहीत, याचे कारण गणितात आहे. नेहमीच्या रचनेत प्रत्येक टोकन आधीच्या प्रत्येक टोकनाशी ताडून पाहिले जाते. मजकूर दुप्पट झाला की या जोड्या चौपट होतात. १ लाख टोकनांच्या कागदात अशा सुमारे ५०० कोटी जोड्या होतात आणि मॉडेलच्या प्रत्येक थरात हे काम पुन्हा होते. वर आधीच्या टोकनांची माहिती चिपच्या स्मृतीत धरून ठेवावी लागते. हा खर्च वाचवण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, पण खर्च शून्य होत नाही. म्हणूनच एकाच कंपनीच्या मोफत आणि सशुल्क सेवेत विंडोचा आकार वेगळा असू शकतो.

कागद पूर्ण वाचला गेला का, हे कसे ओळखावे?

‘तू सगळे वाचलेस का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आपल्यापुढे काय ठेवले गेले नाही, हे मॉडेलला कळतच नाही, त्यामुळे ‘हो’ या उत्तराला पुराव्याची किंमत नाही. त्यापेक्षा तुम्हाला उत्तर माहीत असलेले तीन प्रश्न विचारा. एक पहिल्या पानांतला, एक मधला, एक शेवटच्या पानावरचा. प्रश्न तुमच्याच कागदातले असावेत. अमुक गटातल्या झाडांची संख्या, तक्त्यातल्या एखाद्या ओळीचे क्षेत्र असे. कायद्यातले कलम विचारू नका. कायदा सर्वत्र उपलब्ध असल्याने मॉडेलने तो प्रशिक्षणात पाहिलेला असू शकतो आणि तुमची फाइल न पाहताही त्याचे उत्तर येऊ शकते.

या चाचणीलाही मर्यादा आहे. तुकडे निवडणारी यंत्रणा तिन्ही प्रश्नांत पास होऊ शकते, कारण प्रत्येक वेळी ती नेमका तुकडा शोधून आणते. म्हणून चौथा प्रश्न मोजणीचा विचारा, ‘या कागदात एकूण किती गट क्रमांक आहेत? सगळे पान क्रमांकासह लिही.’ मोजणीला सगळा कागद लागतो. यादी अर्ध्यात थांबली किंवा मधली पाने वगळली गेली, तर कागद पूर्ण पुढे नव्हता असे समजावे. कागद समोर असूनही मोजणी चुकू शकते, त्यामुळे एखाद्या आकड्याच्या फरकापेक्षा पानांची सलग पोकळी हा जास्त भक्कम पुरावा.

मग मोठा कागद द्यावा कसा?

एकदम ३०० पाने देण्यापेक्षा ५०-५० पानांचे सहा भाग करावेत. वरच्या हिशेबाने एक भाग साधारण २५ हजार टोकनांचा होतो आणि मध्यम विंडोतही सहज मावतो. भाग पान क्रमांकावर न तोडता प्रकरण किंवा कलम संपेल तिथे तोडावा, म्हणजे परंतुक त्याच्या कलमापासून सुटणार नाही. प्रत्येक भागासाठी नवे संभाषण उघडावे, नाहीतर आधीचे भाग जागा अडवतात.

प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारून भागत नाही. ‘मुदत काय?’ याबरोबर ‘हा हक्क कमी करणारी, त्याला अट घालणारी किंवा तो संपवणारी वाक्ये या भागात कोणती? पान आणि कलम क्रमांकासह जशीच्या तशी दे’ असेही विचारावे. कलम ७७ असा प्रश्न विचारल्यावरच वर येण्याची शक्यता असते, कारण आता शोध ‘मुदती’चा नसून ‘अटी’चा आहे. सहाही भागांतली उत्तरे मग एकत्र ठेवून पाहावीत आणि दिलेले प्रत्येक वाक्य मूळ पान उघडून ताडावे. पान सापडले नाही तर ते वाक्य बाद. निवाड्यात कायद्याचा पूर्ण पाठ नसतो, म्हणून कायदा वेगळा, केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावरून घ्यावा. आधार, बँक खाते यांची पाने फाइलीतून आधीच काढून ठेवावीत.

एवढे करूनही हाती येते ती कोणती पाने उघडायची याची यादी. मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते आणि हरकत कशी नोंदवायची, हे त्या पानांसह वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला दाखवून ठरवावे, आणि तेही रक्कम खात्यात जमा होण्याच्या आधी.